'हा मेल खरा आहे का?' असं विचारताना

१९ मार्च २०१६, शनिवार. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीची धामधूम सुरू होती. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांच्या जीमेलवर एक मेल येऊन पडला. दिसायला तो गूगलचाच होता. तुमचा पासवर्ड वापरून युक्रेनमधून कोणीतरी तुमच्या खात्यात शिरायचा प्रयत्न केला, आम्ही तो अडवला, आता ताबडतोब पासवर्ड बदला, असा मजकूर आणि त्याखाली पासवर्ड बदलण्याचं बटण.

पोडेस्टांच्या कार्यालयातल्या लोकांनी ते बटण आंधळेपणाने दाबलं नाही. शंका आली म्हणून त्यांनी तो मेल मोहिमेच्या संगणक मदत कक्षाकडे पाठवला, म्हणजे शिकवतात तसंच केलं. तिथल्या कर्मचाऱ्याचं उत्तर आलं: हा मेल 'लेजिटिमेट' आहे, जॉन यांनी लगेच पासवर्ड बदलायला हवा. सोबत त्याने गूगलच्या खऱ्या पानाचा पत्ता दिला आणि दुहेरी पडताळणी सुरू करा असंही बजावलं. पुढे 'न्यूयॉर्क टाइम्स'ला त्याने सांगितलं की मेल बनावट आहे हे त्याला कळलं होतं, 'इल्लेजिटिमेट' लिहायचं होतं, पण टंकताना चूक झाली. उत्तर आलं तसं कार्यालयात पुढे गेलं: गूगलचा मेल खरा आहे, पासवर्ड बदलून घ्या. त्या उत्तराच्या खाली मूळ मेल जसाच्या तसा होता, बटणासकट. कोणीतरी ते बटण दाबलं. ५० हजारांहून जास्त मेल चोरीला गेले आणि ऑक्टोबरपासून ते विकिलीक्सवर झळकू लागले. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेच्या १२ अधिकाऱ्यांवर जे आरोपपत्र ठेवलं, त्यात या मेलचा उल्लेख आहे.

ही हकीकत सांगताना सगळे त्या टंकनदोषावर बोट ठेवतात. मला ते सोयीचं वाटतं, पुरेसं वाटत नाही. मदत कक्षाने हेच चुकीचं उत्तर एका नव्या, कोऱ्या मेलमध्ये लिहिलं असतं आणि त्यात फक्त गूगलच्या खऱ्या पानाचा पत्ता असता, तर काय झालं असतं? लोकांनी त्या पत्त्यावर जाऊन पासवर्ड बदलला असता. 'खरा' म्हटल्यामुळे काही बिघडलं नसतं. बिघडलं ते विषारी मेल जिवंत लिंकसह इकडून तिकडे फिरत राहिल्यामुळे. प्रत्येक हस्तांतरात त्याच्या वर ओळखीच्या माणसाचं नाव चढत गेलं. पहिल्यांदा आला तेव्हा तो अनोळखी होता. शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला तेव्हा तो स्वतःच्या वरिष्ठाने, मदत कक्षाच्या शिक्क्यासह पाठवलेला होता.

लिंकचंही पाहा. बटणामागे बिट्लीचा आखूड केलेला पत्ता होता आणि त्यामागे खरा पत्ता असा (इथे मुद्दाम मोडून दिला आहे):

```
myaccount.google[.]com-securitysettingpage[.]tk
```

डावीकडून वाचलं तर गूगल दिसतं. पण इंटरनेटवरच्या नावाची मालकी उजवीकडून ठरते. शेवटी `.tk`, त्याच्या आधी `com-securitysettingpage`. मालक तो. `google` हा नुसता पुढे लावलेला मुखवटा. मदत कक्षाला मूळ मेल नीट मिळाला आणि त्यातली लिंक उलगडायला सांगितलं, तर हे समजायला फार वेळ लागत नाही. पण विचारलेला प्रश्न 'खरा की खोटा' एवढाच असला, की उत्तरही एका शब्दाचं येतं, आणि एक शब्द चुकू शकतो.

आता आपल्याकडे येऊ. कार्यालयात संशयास्पद मेल आला की बहुतेक जण तीनपैकी एक काहीतरी करतात. काही जण पुसून टाकतात. काही जण स्क्रीनशॉट काढून कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात. आणि काही जण 'बघ रे, हे काय आहे' म्हणून शेजारच्याला फॉरवर्ड करतात. पहिल्यात सुरक्षा विभागाच्या हाती काहीच लागत नाही, दुसऱ्यात अर्धंमुर्धं लागतं, आणि तिसऱ्यात पोडेस्टांच्या कार्यालयाचीच वाट धरली जाते.

सुरक्षेच्या लोकांना मूळ मेल का हवा असतो, ते आधी समजून घेऊ. आपल्याला पडद्यावर दिसतो तो पत्रातला मजकूर. प्रत्येक मेलसोबत न दिसणारा एक मथळा येतो, ज्याला हेडर म्हणतात. मेल कोणत्या सर्व्हरवरून निघाला, वाटेत कुठे कुठे थांबला, उत्तर दिलं तर ते कोणाकडे जाईल, पाठवणाऱ्याची पडताळणी झाली का, हे सगळं त्यात असतं. साधं फॉरवर्ड केलं की नवा मेल तयार होतो आणि त्याला तुमचं हेडर लागतं. पत्र दुसऱ्या कागदावर उतरवून घेऊन पोस्टाचे शिक्के असलेला लिफाफा फेकून द्यावा, तसं ते होतं. स्क्रीनशॉटमध्ये तर लिफाफाही नाही आणि बटणामागचा पत्ताही नाही.

लिफाफ्यासकट पाठवायची सोय जवळपास प्रत्येक मेलसेवेत असते. जीमेलमध्ये संगणकावर मेल निवडला की वरच्या तीन टिंबांच्या यादीत `Forward as attachment` मिळतं. आउटलुकमध्येही त्याच नावाचा पर्याय आहे, जुन्या आउटलुकमध्ये `Ctrl+Alt+F` दाबूनही चालतं. असं केलं की मूळ मेल एका बंद फाइलच्या रूपात जोडला जातो. हेडर शाबूत राहतं आणि पाठवलेल्या मेलच्या अंगावर दाबण्याजोगं बटणही उरत नाही. फोनवरच्या ॲपमध्ये ही सोय सापडली नाही तर थांबा आणि संगणकावर जाऊन पाठवा.

कित्येक कार्यालयांत मेलच्या वरच तक्रारीचं बटण दिलेलं असतं. तेच सर्वांत सोपं, पण ते कुठे जातं हे विचारून ठेवा. आउटलुकचं बटण दाबल्यावर मेल फक्त मायक्रोसॉफ्टकडे जाणार, फक्त आपल्या सुरक्षा विभागाकडे जाणार की दोन्हीकडे, हे कार्यालयाची यंत्रणा सांभाळणारा ठरवतो. जीमेलचं बटण गूगलला कळवतं. व्हॉट्सॲपवर तक्रार केली की त्या माणसाचे शेवटचे पाच संदेश व्हॉट्सॲपकडे जातात, तुमच्या कार्यालयाकडे नाहीत. त्यामुळे कामाशी संबंधित फसवा संदेश व्हॉट्सॲपवर किंवा एसएमएसने आला, तर आधी नंबर, वेळ आणि मजकूर दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, तो फक्त सुरक्षा विभागाला द्या, मग तक्रार करा आणि ब्लॉक करा. तिथे हेडर मिळत नाही, म्हणून स्क्रीनशॉटच पुरावा.

आता एक उदाहरण पूर्ण पाहू. समजा, नाशिकच्या एका कारखान्यात लेखा विभागात काम करणाऱ्या बाईंना मंगळवारी सकाळी १०.४० ला 'सुधारित पगारपत्रक' नावाचा मेल येतो. पाठवणाऱ्याचं नाव एचआर विभागाचं. वेतनवाढीचा महिना आहे, त्यामुळे बोट आपोआप लिंकवर जातं. आपल्या रोजच्या लॉगिनसारखं पान उघडतं. त्या पासवर्ड टाकतात. फोनवर मंजुरीची सूचना येते, ती स्वीकारतात. पान कोरं होतं. चौथ्या मिनिटाला त्यांना शंका येते.

अशा वेळी त्यांनी पहिल्यांदा फोन उचलावा. पासवर्ड गेला असेल तर चोर या क्षणी त्यांच्याच मेलबॉक्समध्ये बसलेला असू शकतो, आणि त्याच मेलबॉक्समधून पाठवलेली तक्रार तो वाचू शकतो, पुसूही शकतो. फोनवर एक वाक्य पुरे: पासवर्ड टाकला आहे, मेल पाठवते. मग सुरक्षा विभागाच्या ठरलेल्या एकाच पत्त्यावर मूळ मेल जोडून असं लिहावं:

"विषय: संशयास्पद मेल, पासवर्ड टाकला गेला आहे. आज १०.४० ला 'सुधारित पगारपत्रक' हा मेल आला. नाव आपल्या एचआरचं आहे, पत्ता बाहेरचा आहे. १०.४२ ला ऑफिसच्या लॅपटॉपवरून, ऑफिसच्याच वायफायवर लिंक उघडली. पासवर्ड टाकला आणि फोनवरची मंजुरी दिली. काही डाउनलोड झालेलं दिसलं नाही. माझ्या विभागातल्या आणखी एकाला हाच मेल आला आहे, त्याने उघडलेला नाही. मी मेल कोणालाही पुढे पाठवलेला नाही, पुसलेलाही नाही. लॅपटॉप सुरूच आहे. मूळ मेल जोडला आहे."

यातलं एकही वाक्य शोभेचं नाही. वेळ सांगितली की सुरक्षेचे लोक त्या मिनिटांच्या आसपास इंटरनेटच्या नोंदी तपासतात आणि त्या पत्त्यावर आणखी कोण गेलं ते काढतात. कळवणाऱ्या एका माणसामागे न कळवणारे किती आहेत, हे तिथे दिसतं. लॅपटॉप की फोन, ऑफिसचं वायफाय की मोबाइल डेटा, हे सांगितलं नाही तर नोंदी कुठे शोधायच्या तेच कळत नाही. मोबाइल डेटावरून उघडलेली लिंक कार्यालयाच्या नोंदींत दिसणारच नाही.

'फोनवरची मंजुरी दिली' हे वाक्य लिहायला सर्वांत जड जातं, आणि सर्वांत महत्त्वाचं तेच आहे. हल्लीची बनावट पानं तुम्ही आणि खरी सेवा यांच्या मधे उभी राहतात. तुमचा पासवर्ड आणि मंजुरी खऱ्या सेवेपर्यंत पोहोचवतात आणि लॉगिन झाल्यावर सेवा ब्राउझरला जी ओळखखूण देते, ती स्वतःकडे ठेवून घेतात. ती खूण हाती असली की चोराला पासवर्ड लागत नाही. म्हणून अशा वेळी नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. सगळीकडची सुरू असलेली लॉगिन तोडावी लागतात, पडताळणीसाठी नवा फोन जोडला गेलाय का ते पाहावं लागतं, आणि मेलबॉक्समध्ये चोराने नियम लावून ठेवलेत का हेही पाहावं लागतं. असे नियम येणारे ठरावीक मेल गुपचूप एखाद्या दुर्लक्षित फोल्डरमध्ये सरकवतात, म्हणजे 'तुमचं खातं हॅक झालंय का' असं विचारणारा मेल मालकाला दिसतच नाही. बाईंनी मंजुरीचा उल्लेख टाळला असता, तर पासवर्ड बदलून काम संपल्याचं सगळ्यांना वाटलं असतं.

उलट नुसता मेल उघडून पाहिला आणि लिंक दाबली नाही, तर तसंच लिहावं. बहुतेक वेळा त्यावर फार काही करावं लागत नाही. आणि जोडलेली फाइल उघडून चालवली गेली असेल, तर वायफाय बंद करावं, केबल काढावी, पण यंत्र बंद करू नये. चालू स्मृतीतला पुरावा यंत्र बंद केलं की जातो.

जोडलेल्या मेलचं हेडर उघडल्यावर सुरक्षेच्या माणसाला साधारण हे दिसेल:

```
From: "HR Department" <notice@payslip-update.example>
Reply-To: hr.desk@mailbox.example
Message-ID: <8841.27@payslip-update.example>
Authentication-Results: spf=pass; dkim=pass; dmarc=pass
```

शेवटच्या ओळीतले तिन्ही 'पास' पाहून फसायला होतं. त्यांचा अर्थ इतकाच, की हा मेल खरोखर `payslip-update.example` या नावाच्या मालकाने पाठवला. तो मालक तुमचा एचआर विभाग आहे, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. चोराने स्वतःचं नाव रीतसर विकत घेतलं की पडताळणी बिनबोभाट होते. खूण आहे ती पहिल्या दोन ओळींत: नाव एचआरचं, पत्ता बाहेरचा, आणि उत्तर जाणार तिसरीकडेच. तिसऱ्या ओळीतल्या क्रमांकावरून नेमका हा मेल कोणत्या खोक्यात पडला ते शोधता येतं. पण प्रत्येकाच्या प्रतीला वेगळा क्रमांक असू शकतो आणि विषयही बदललेला असू शकतो, म्हणून चांगला सुरक्षा विभाग पाठवणारा पत्ता आणि लिंक यांवरूनही शोध घेतो, सगळ्या खोक्यांतून मेल काढून घेतो आणि तो पत्ता कार्यालयाच्या जाळ्यावर अडवतो.

लिंक मजकुरात लिहायचीच वेळ आली, तर ती मोडून लिहायची पद्धत आहे. `https` चं `hxxps` करायचं आणि टिंबं चौकटी कंसात घालायची:

```
hxxps://login[.]payslip-update[.]example/?id=7f3a
```

माणसाला वाचता येतं, पण मेल किंवा चॅट तिची दाबण्याजोगी लिंक बनवत नाही. शेवटचा `id` पाहा. असा तुकडा बहुधा प्रत्येक माणसासाठी वेगळा असतो. लिंक उघडली की कोणी उघडली ते पाठवणाऱ्याला कळतं. म्हणूनच 'मी नुसतं काय आहे ते बघतो' म्हणत सहकाऱ्याने तुमची लिंक उघडली, तर तिथे तुमच्या नावाची नोंद होते. याच कारणाने ती लिंक किंवा जोडलेली फाइल हौसेने सार्वजनिक तपासणी संकेतस्थळांवर चढवू नये. व्हायरसटोटलसारख्या ठिकाणी चढवलेली फाइल इतर ग्राहक पाहू शकतात, आणि तिच्यात तुमच्या कंपनीचं नाव, कर्मचाऱ्याचा पत्ता, कधी खरं बिलही असतं. ती तपासणी कधी आणि कुठे करायची, ते सुरक्षेच्या लोकांना ठरवू द्या. जोडलेला मूळ मेल पाठवला असेल, तर लिंक वेगळी लिहायची गरजही नसते.

राहिला प्रश्न गटावर सावध करण्याचा. हेतू चांगला असतो, आणि म्हणूनच थांबवणं अवघड जातं. पण मेलमधल्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट गटावर टाकला, तर ती इशारा दिलेली लिंकच आहे. दुसऱ्या फोनने कोणीही स्कॅन करू शकतो. 'सुधारित पगारपत्रक नावाचा मेल उघडू नका' असं सगळ्यांना सांगितलं, तर 'दिवाळी बोनस' नावाने आलेला त्याच टोळीचा मेल लोक निर्धास्त उघडतात. आणि मेल सहकाऱ्याच्या खऱ्या खात्यावरून आला असेल, तर त्याला मेलवर 'हे तूच पाठवलंस का' विचारणं म्हणजे चोरालाच विचारणं. तो 'हो, मीच' असं उत्तरही देतो. अशा माणसाला फोन करावा, किंवा उठून त्याच्या टेबलाशी जावं. सगळ्यांना सांगण्याजोगं काय आहे, हे सुरक्षा विभागाला मेल किती जणांकडे गेला ते समजल्यावरच ठरतं, आणि तो इशारा त्यांच्याच नावाने गेलेला बरा.

वेळेचा मुद्दा कार्यालयांवर कायद्यानेही येतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार फिशिंगसह ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. ते काम सुरक्षा विभागाचं, तुमचं नाही. पण ते वेळेत करायला त्यांना तुमची माहिती आधी हवी. बाईंच्या उदाहरणात मेल दुपारच्या जेवणानंतर कळवला असता, तर चोराला मेलबॉक्समध्ये दोन-तीन तास मोकळे मिळाले असते. पैसे गेले असतील तर मात्र कार्यालयाच्या भरवशावर राहू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.

तुमच्या कार्यालयात असे मेल पाठवायचा पत्ता कोणता, तक्रारीचं बटण कुठे जातं आणि रात्री फोन कोणाला करायचा, या तीन गोष्टी आजच विचारून घ्या. आणि तो फोन नंबर मेलबॉक्समध्ये ठेवू नका, कागदावर लिहून ठेवा.